पडद्यावर लाल भोपळा, कानात डांगर

दिल्लीकडचा किंवा उत्तर प्रदेशातला एखादा आचारी कॅमेऱ्यासमोर उभा राहतो आणि म्हणतो, ‘आज हम बनाएँगे खट्टा-मीठा सीताफल.’ ओट्यावर हिरव्या सालीची, आतून केशरी, चांगली जाड फोड ठेवलेली असते. पुरी-कचोरीबरोबर खातात ती ही भाजी. मराठी माणूस मात्र क्षणभर बुचकळ्यात पडतो, कारण त्याच्या डोळ्यांसमोर पांढऱ्या गराचं, काळ्या बियांचं सीताफळ आलेलं असतं. दिल्लीच्या बाजारात सीताफल म्हणजे भोपळा. आपल्या सीताफळाला तिकडे शरीफा म्हणतात.

असं पाच-सहा मिनिटांचं प्रात्यक्षिक मराठीत आणायचं काम बाहेरून फार सोपं दिसतं. हिंदी आणि मराठी शेजारच्या भाषा, पदार्थही अनोळखी नाही, आणि आचाऱ्याचे हात काय करताहेत ते दिसतंच आहे. पण नाटक-सिनेमाच्या डबिंगमध्ये नसलेली एक गोष्ट इथे असते. ऐकणारा माणूस नंतर बाजारात जाणार असतो. नायकाचा एखादा संवाद थोडा इकडेतिकडे झाला तर कुणाचं काही बिघडत नाही. भाजीचं नाव इकडेतिकडे झालं तर पिशवीत भलतीच भाजी येते.

काम सुरू होतं ते निर्मात्याकडून काय आलं ते तपासण्यापासून. चित्राची अशी प्रत हवी, जिच्यावर एकही अक्षर छापलेलं नाही. फोडणीचा चर्र आवाज, सुरीची ठकठक, झाकण ठेवल्याचा खणका हे सगळं आचाऱ्याच्या आवाजापासून वेगळं काढलेलं हवं, नाहीतर मराठी आवाज चढवला की कढई मुकी होते. आणि तिसरी गोष्ट, जी बहुतेक वेळा अर्धवटच येते, ती म्हणजे पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक मजकुराची यादी. कुठला शब्द, कुठल्या सेकंदाला येतो आणि कधी जातो, हे त्यात असावं लागतं. आपल्याकडच्या दूरचित्रवाणीत सेकंदाला २५ चौकटी धरतात आणि नोंद त्या चौकटीपर्यंत करतात. यादी आली नसेल तर ती आपण बसून करायची, आवाज बंद ठेवून, फक्त अक्षरांकडे बघत.

अक्षरांशिवायची प्रत मिळाली नाही तर पंचाईत होते, आणि हिंदीच्या बाबतीत ती जास्तच. मूळ कार्यक्रम इंग्रजी किंवा तमिळ असता, तर पडद्यावर उरलेली अक्षरं प्रेक्षकानं सोडून दिली असती. परकी लिपी दिसली की डोळा पुढे सरकतो आणि कान काम करायला लागतात. हिंदीची लिपी मात्र आपलीच. पडद्यावर ‘सीताफल’ छापलेलं असेल तर मराठी माणूस ते हिंदी म्हणून वाचतच नाही. तो ते मराठी म्हणून वाचतो आणि ‘ळ’च्या जागी ‘ल’ पडलाय, छपाईची चूक असेल, असं मनातल्या मनात दुरुस्तही करतो. ‘गोभी’ दिसली की ‘कोबी’ वाचतो, प्रत्यक्षात समोर फ्लॉवर असतो. ‘परवल’ला पडवळ समजतो, आणि त्या दोन भाज्या तर एकमेकींसारख्या दिसतही नाहीत. म्हणून हिंदीवरून मराठी करताना जुनी अक्षरं झाकणं हा शोभेचा प्रश्न नाही. भरीव पट्टी टाकून का होईना, ती गेलीच पाहिजेत. अर्धपारदर्शक पट्टीतून खालचं ‘सीताफल’ डोकावत असेल तर ती पट्टी नसल्यातच जमा.

आता मुख्य प्रश्न. हिंदी पाटी गेली, त्या जागी मराठीत काय लिहायचं?

भोपळा, असं पटकन म्हणाल. पण नुसता भोपळा चालत नाही, कारण दुधी हाही भोपळाच आहे. पुण्या-मुंबईकडे लाल भोपळा किंवा तांबडा भोपळा म्हणतात. नगर-नाशिककडे त्यालाच डांगर म्हणतात. मराठवाड्यात काशीफळ हे नाव कानावर येतं. विदर्भात तो कोहळं होतो आणि तिथली कोहळ्याची बोंडं सणावाराला आवर्जून केली जातात. गोव्यात कोकणी बोलणाऱ्या घरात दुदी म्हटलं तर हाच लाल भोपळा ओट्यावर येतो.

नावं पुष्कळ आहेत, याची अडचण नसते. अडचण अशी की, यातली काही नावं दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्याच वस्तूची मालकीण असतात. कोहळा म्हटलं की पश्चिम महाराष्ट्रात पांढरी भुकटी धरलेलं, आत पांढरं आणि पाणीदार असं फळ डोळ्यांसमोर येतं, ज्याचा पेठा करतात. डांगर म्हटलं की पापड लाटणाऱ्या घरात उडदाच्या पिठाचा तिंबलेला गोळा आठवतो, आणि दही-कांदा घालून कालवलेलं उडदाचं डांगर हा तर स्वतंत्र पदार्थच आहे. दुदी हे नाव घाट चढून वर आलं की एका अक्षराच्या फरकानं दुधी होतं, आणि आमचूर घातलेली दुधीची भाजी करून बसलेल्या माणसाला कार्यक्रमात दाखवलेला केशरी मऊ लगदा काही मिळत नाही.

या सगळ्यातून निवड करताना अनेक जण ‘सर्वांत जास्त लोकांना कळणारं नाव’ शोधतात. मला तो निकष अपुरा वाटतो. आधी हे पाहावं की, कुठलं नाव कुणाला चुकीचं कळेल. न कळणारा शब्द तितकासा घातक नसतो. ‘लाल भोपळा’ हे नाव एखाद्याच्या घरात वापरात नसलं तरी तो पडद्यावरच्या फोडीकडे बघतो आणि म्हणतो, अच्छा, आपलं कोहळं. चुकीचा कळणारा शब्द मात्र माणसाला पडद्याकडे बघूच देत नाही. त्याला वाटतं, आपल्याला कळलं, आणि तो चहा टाकायला स्वयंपाकघरात जातो. त्यामुळे पाटीवर नाव निवडताना दोन अर्थांची नावं आधी बाद करायची. कोहळं गेलं, डांगर गेलं, दुदी गेली, नुसता भोपळाही गेला. उरले लाल भोपळा, तांबडा भोपळा आणि काशीफळ. काशीफळाचा पट्टा लहान. लाल आणि तांबडा यांत अर्थाचा काही फरक नाही, फक्त लाल हा शब्द आखूड आहे आणि पाटीवर जागा कमी असते. (साल हिरवी, गर केशरी, आणि नाव लाल. पण यावर आजवर कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.)

हाच नियम त्या भाजीतल्या एका बारीक बीला लावला तर निर्णय उलटा येतो. काही घरांत या भाजीच्या फोडणीला मेथीदाणे आणि बडीशेपेबरोबर थोडी कलौंजी टाकतात. ‘कलौंजी’ला मराठी काय? बऱ्याच किराणा दुकानांत आणि पाककृतींत ‘कांद्याचं बी’ असं म्हणतात. अस्सल मराठी शब्द म्हणून तो पाटीवर घालावासा वाटणं साहजिक आहे. पण कलौंजीचा कांद्याशी काही संबंध नाही. ती वेगळ्याच झाडाची बी आहे. दोन्ही काळ्या, बारीक, कोनेदार, म्हणून एकीचं नाव दुसरीला चिकटलं. आणि नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या घरात ‘कांद्याचं बी’ म्हणजे काय ते विचारून पाहा. ते म्हणजे रोपं टाकायचं बियाणं, शेतातल्या कोपऱ्यात किंवा कृषी केंद्राच्या पुडीत असतं ते. पुडीतल्या बियाण्याला अनेकदा बुरशीनाशक चोळलेलं असतं आणि ते खाण्यासाठी वापरू नये असं पुडीवर लिहिलेलंही असतं. दिसायला कलौंजीच. असं असताना पाटीवर ‘कांद्याचं बी’ लिहिणं मला धोक्याचं वाटतं.

मग कारळे? तेही नाही. कारळे म्हणजे खुरासणी, जिची चटणी आपण करतो ती लांबुळकी चकचकीत बी. तिचं तेल काढतात, वास वेगळा, चव वेगळी. तेव्हा इथे हिंदीतलं ‘कलौंजी’ हेच नाव मराठी पाटीवर जसंच्या तसं ठेवायचं. दुकानातल्या पुडीवर तेच छापलेलं असतं, वडोदऱ्याच्या किंवा इंदूरच्या मराठी घरात तेच म्हणतात, आणि अमेरिकेत भारतीय वाणसामानाच्या दुकानात गेलेल्या मराठी माणसालाही पाकिटावर तेच वाचायला मिळतं. शुद्ध मराठीचा आग्रह धरणारे कुणी नाराज झाले तर त्यांना नाशिकची गोष्ट सांगावी.

प्रत्येक जिनसेला एवढं डोकं लावायचं नसतं, हेही तितकंच खरं. हिरवा धनिया घ्या. मराठीत कोथिंबीर. नागपूरकडे तिला सांबार म्हणतात, तिथली सांबारवडी प्रसिद्ध आहे. पण नागपूरच्या माणसाला कोथिंबीर हा शब्द ठाऊक असतो, आणि उरलेल्या महाराष्ट्राला सांबार म्हणजे इडलीबरोबरचं आंबट वरण. तेव्हा कोथिंबीर लिहावं आणि पुढे जावं. टोमॅटोलाही विदर्भात भेदरं म्हणतात, पण टोमॅटो न कळणारा प्रेक्षक मिळणं कठीण. बटाट्याच्या बाबतीतही तेच. जिथे प्रमाण नाव सगळ्यांना कळतं आणि कुणालाही चुकीचं कळत नाही, तिथे पर्यायी नावांची यादी वाचून दाखवणारा निवेदक आपली हुशारी दाखवतो एवढंच. आणि तोवर मेथीदाणे करपतात.

त्यापेक्षा काळजी घ्यावी ती हिंदीतल्या अर्धवट नावांची. हिंदी आचारी ‘धनिया’ म्हणतो तेव्हा ते धने, धनेपूड किंवा कोथिंबीर यांपैकी काहीही असू शकतं. ‘लाल मिर्च’ म्हणजे सुकी अख्खी मिरची किंवा लाल तिखट. ‘मेथी’ म्हणजे दाणे, पाला किंवा कसुरी मेथी. हिंदी प्रेक्षक समोर बघून समजून घेतो, पण मराठीत आपल्याला एकच शब्द निवडावा लागतो. नुसता लिहून आलेला हिंदी मजकूर टेबलावर घेऊन भाषांतर केलं की इथे हमखास चूक होते. चित्र चालू ठेवून, वाटीत काय आहे ते बघून मगच शब्द लिहायचा. लाल तिखटाच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. कोल्हापूर-सातारकडे त्या डब्याला चटणी म्हणतात आणि त्यात नुसती मिरची नसून कांदा, लसूण, मसाले असे सगळे मिसळलेले असतात. निवेदकानं घरगुती लहेजा आणायच्या नादात ‘एक चमचा चटणी’ म्हटलं, तर या आंबट-गोड भाजीला लसणाचा वास मारेल. पाटीवर आणि आवाजात दोन्हीकडे ‘लाल तिखट’ हेच ठेवावं.

क्रियापदांचाही असाच एक फाटा फुटतो. हिंदीत ‘भूनिए’ म्हटलं की काम भागतं. मराठीत कोरडं असेल तर भाजायचं आणि तेलात असेल तर परतायचं. कढईत तेल दिसतंय की नाही हे न बघता लिहिलेलं ‘भोपळा भाजून घ्या’ कानाला लगेच खटकतं.

एवढं झालं की पाटी तयार करायची, आणि माझ्या मते ती आवाजाच्या आधी पक्की करायची. बऱ्याच ठिकाणी उलटं होतं. आवाज आधी नोंदवतात, अक्षरं नंतर कुणीतरी दुसरा, दुसऱ्या इमारतीत, मूळ हिंदी यादी बघून टाकतो. मग कान ‘लाल भोपळा’ ऐकतो आणि डोळा ‘डांगर’ वाचतो. एकच वस्तू आहे हे आपल्याला माहीत असतं. प्रेक्षकाला वाटतं, दोन जिन्नस आहेत आणि दुसरा दाखवायचा राहिला. शिवाय लोक पाटीचाच फोटो काढतात, वहीत उतरवतात, बाजारात दाखवतात. आवाज कार्यक्रमाबरोबर संपतो. म्हणून पाटीवरचा शब्द हा मूळ दस्तऐवज समजायचा आणि निवेदनानं त्याच्यामागून जायचं.

आपल्या भाजीची पाटी साधारण अशी होईल: लाल भोपळा ५०० ग्रॅम, मोहरीचे तेल २ मोठे चमचे, मेथीदाणे अर्धा छोटा चमचा, बडीशेप १ छोटा चमचा, कलौंजी पाव छोटा चमचा, हिंग चिमूटभर, सुक्या लाल मिरच्या २, किसलेले आले १ छोटा चमचा, हळद अर्धा छोटा चमचा, लाल तिखट अर्धा छोटा चमचा, धनेपूड १ छोटा चमचा, गूळ २ मोठे चमचे, आमचूर १ छोटा चमचा, मीठ, कोथिंबीर. छोटा चमचा म्हणजे ५ मिली आणि मोठा म्हणजे १५ मिली, हे एकदा ठरलं की संपूर्ण मालिकेत तसंच राहायला हवं. नुसतं ‘चमचा’ लिहून चालत नाही, कारण गुळाचा चमचा आणि आमचुराचा चमचा यांत तिपटीचा फरक पडू शकतो. निवेदक ‘अर्धा किलो’ म्हणाला आणि पाटीवर ‘५०० ग्रॅम’ असेल तर अर्थ एकच असला तरी ऐकणारा क्षणभर हिशेब करत बसतो. दोन्हीकडे एकच शब्दप्रयोग ठेवला की तो क्षण वाचतो.

इथे मराठीचं एक खास दुखणं डोकं वर काढतं. पाटीवर ‘मोहरीचे तेल’, बोलण्यात ‘मोहरीचं तेल’. छापील यादीला एकार शोभतो, पण तोच एकार निवेदकाच्या तोंडी घातला की बातम्या वाचल्यासारखं वाटतं. तपासणी करणारा जर अक्षराला अक्षर ताडून पाहणारा असेल तर तो अशा प्रत्येक जागी लाल खूण करतो. त्याला आधीच सांगून ठेवावं की, नाव आणि प्रमाण जुळायला हवं, शेवटचा एकार-अनुस्वार नाही. हे लेखी ठरलेलं नसेल तर अर्धा दिवस यावरच जातो.

मग निवेदन. स्वयंपाकाच्या कार्यक्रमात फार थोड्या जागी आचाऱ्याचं तोंड जवळून दिसतं. बहुतेक वेळ कॅमेरा हातांवर आणि कढईत असतो, आणि तिथे वाक्य थोडं मागेपुढे झालं तरी चालतं. चेहरा दिसतो ती सुरुवात आणि शेवटची चव. सुरुवातीलाच आचारी म्हणतो, समजा, ‘ये है हमारा सीताफल, कोई इसे कद्दू कहता है, कोई काशीफल.’ तो स्वतःच त्याच्या मुलखातली नावं सांगतो आहे. इथे त्याची नावं मराठीत उतरवण्यात अर्थ नाही. त्यानं आपल्या प्रेक्षकासाठी जे केलं ते आपण आपल्या प्रेक्षकासाठी करायचं: ‘हा आपला लाल भोपळा, कुणी याला डांगर म्हणतं, विदर्भात कोहळं.’ लांबी जवळपास तीच. ओठही बऱ्यापैकी जुळतात, कारण सीताफलमधल्या ‘फ’ला त्याचे ओठ मिटतात तिथेच आपल्या ‘भो’ला मिटतात. प, फ, ब, भ, म ही अक्षरं पडद्यावर उघडी पडतात. बाकीची बहुतेक लपून जातात. ‘तांबडा भोपळा’ घेतलं असतं तर एक अक्षर वाढलं असतं आणि ‘ब’ नको तिथे आला असता.

याच वाक्यात प्रादेशिक नावांना जागा मिळते, आणि ती इथेच द्यायची. पाटी अजून आलेली नाही, वस्तू हातात आहे, कॅमेरा तिच्यावर आहे. अशा वेळी डांगर किंवा कोहळं म्हटलं तर गैरसमज होत नाही, कारण नाव आणि वस्तू एकाच वेळी समोर येतात. पाटीवर जी नावं धोक्याची म्हणून बाद केली, तीच इथे कामाला येतात. पुढे पाटी पडद्यावर असेपर्यंत मात्र निवेदकानं पाटीवरचाच शब्द उच्चारायचा. पाटीवर ‘लाल भोपळा’ झळकत असताना ‘डांगराच्या फोडी टाका’ असं ऐकू आलं की डोळा यादीत डांगर शोधू लागतो आणि तेवढ्यात फोडी कढईत पडलेल्या असतात.

वेळेचा हिशेबही लागतो. ‘सौंफ’ एका झटक्यात संपतं, ‘बडीशेप’ला तिप्पट वेळ लागतो. फोडणीच्या वेळी आचारी मेथीदाना, सौंफ, कलौंजी, हींग अशी नावं एकामागून एक फेकतो आणि प्रत्येक नावाबरोबर हात खाली जातो. मराठी नावं त्या हाताच्या मागे पडू लागली तर हिंग टाकताना बडीशेप ऐकू येते. अशा जागी मधले ‘मग’, ‘आता’, ‘थोडीशी’ सगळे काढून टाकायचे आणि फक्त नावं ठेवायची. प्रमाणं पाटीवर आहेतच.

अक्षरं चढवल्यावर ती नीट दिसताहेत ना, हे मराठी वाचणाऱ्या माणसानंच पाहावं. देवनागरी नीट न हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे उडी मारते, आणि ‘हिंग’ची वेलांटी ‘ह’च्या आधी न येता मागे लटकते. ‘मिरच्या’मधला ‘च्या’ फुटून मधे हलन्त दिसू लागतो. ‘तळणाऱ्या’ असल्या शब्दांतला मराठी ‘ऱ्य’ तर हिंदीसाठी केलेल्या फॉन्टमध्ये हमखास रफारासारखा होतो. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत, आणि आकड्यांत ५ व ८ यांची वळणंही. वाचता येतं, पण ‘हा कार्यक्रम आपला नाही’ हे प्रेक्षकाला शब्द न ऐकताही कळतं.

तपासणी तीन फेऱ्यांत केली की बहुतेक चुका सापडतात. पहिल्या फेरीत आवाज बंद करून फक्त पाट्या वाचायच्या आणि वाचलेलं प्रत्येक नाव कागदावर उतरवायचं. दुसऱ्या फेरीत पडद्याकडे पाठ करून फक्त ऐकायचं आणि तशीच यादी करायची. दोन याद्या शेजारी ठेवल्या की जे नाव एकीत आहे आणि दुसरीत नाही ते उघडं पडतं. सुरुवातीची पाटी, मधली छोटी पाटी आणि शेवटचा गोषवारा या तीन ठिकाणी एकच जिन्नस तीन प्रकारे लिहिलेला निघणं अगदी नेहमीचं आहे. तिसऱ्या फेरीत आपल्या भागाबाहेरची दोन-तीन माणसं बसवायची, एखादं नागपूरकडचं, एखादं कोल्हापूरचं, एखादं सिंधुदुर्गातलं. त्यांना ‘कळलं का?’ विचारू नये, कारण सगळेच हो म्हणतात. ‘उद्या बाजारात जाऊन काय मागाल?’ असं विचारावं. उत्तरात ‘दुधी’ आला की कुठे चुकलं ते लगेच कळतं.

तरीही काही गोष्टी हाताबाहेर राहतात. आचाऱ्याच्या मागच्या फळीवर बरण्या असतात आणि त्यांवर हिंदीत ‘सौंफ’, ‘अजवाइन’ अशा चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. कॅमेरा हलत असेल तर त्या झाकणं वेळखाऊ आणि महागडं काम आहे. मी त्यांना हात लावू नये या मताचा आहे, फक्त आचारी ती बरणी हातात घेऊन कॅमेऱ्याला दाखवतो तेवढ्या दोन सेकंदांत खाली ‘बडीशेप’ अशी छोटी पाटी द्यावी.

आणि आचाऱ्याचा विनोद. ‘नाम में फल है, पर है सब्ज़ी,’ असं म्हणून तो भाजी चाखतो आणि हसतो. मराठीत लाल भोपळ्याच्या नावात कुठेही फळ नाही, म्हणजे विनोद गेला. हसू मात्र पडद्यावर आहे आणि ते काढता येत नाही. सुदैवानं त्या वेळी पडद्यावर एकही अक्षर नसतं, त्यामुळे काहीही जुळवावं लागत नाही. तिथे ‘परीक्षेत मिळाला तर मार, ताटात मिळाला तर मजा’ असं काहीतरी बसवता येतं. लांबी थोडी जास्त होते, पण तोवर तो दुसरा घास घेऊन मान खाली घालतो.